पुराच्या बातमीचं कात्रण: फोटोवरून खरं-खोटं कसं ठरवायचं?

रंकाळावेस
आमच्या पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कालपासून एका कात्रणाचा फोटो फिरतोय. टेबलावर ठेवून काढलेला आहे. बातमी तीन कॉलमी. मथळा दोन ओळींत: "पंचगंगेने धोका पातळी ओलांडली, शहरातील शाळा आठवडाभर बंद". त्याखाली बारीक उपमथळा: "राधानगरीचे सातही दरवाजे खुले, नदीकिनार्यावरील घरे रिकामी करा". पेपरचं नाव नाही, तारीख नाही. कागदाला एक उभी घडी आहे, ती दुसऱ्या कॉलममधून गेली आहे. फोटो खाली जोडतो.

नदी आत्ता कुठे आहे ते घाटावर जाऊन कुणालाही दिसेल, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की हे कात्रणच बनावट आहे, की जुनं खरं कात्रण आत्ता फिरवलं जातंय? फोटोवरून हे ठरवायला नेमकं काय बघायचं? "फाँट वेगळा दिसतो" एवढं बोलून ग्रुपवर कोणी ऐकत नाही.

शिवाजीपेठ_४१६
भावा, पेपरच्या ऑफिसला फोन लाव, विषय संपला.

रंकाळावेस
@शिवाजीपेठ_४१६, कुठल्या पेपरच्या? नावच नाही. तारखेशिवाय विचारलं तर डेस्कवरचा माणूस तरी काय सांगणार?

जुळारी
फोटो मोठा करून बघितला. टाइपाकडे जाण्याआधी मजकूर शेवटपर्यंत वाचा. मथळा बदलणारा माणूस सहसा खालच्या मजकुराला हात लावत नाही. छापील दिसणारा एवढा मजकूर नव्याने जुळवायचा म्हणजे मेहनत आहे, आणि फॉरवर्ड करणारे मथळ्यापुढे वाचत नाहीत. इथे पहिल्या कॉलममध्ये स्पष्ट आहे: राजाराम बंधाऱ्याजवळ पाणीपातळी ३७ फूट ४ इंच, "नदीची वाटचाल इशारा पातळीकडे". राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मथळ्यात नदी ४३ च्या वर आणि मजकुरात ३९ च्याही खाली. खरी बातमी असती तर उपसंपादकाच्या नजरेतून हे सुटलं नसतं.

आता अक्षरं. मथळ्यातल्या "ओलांडली" मधले दोन्ही ल बघा. उजवीकडे उभी दांडी असलेला, हिंदी वळणाचा ल आहे. "शहरातील" आणि "शाळा" मधला श सुद्धा त्याच वळणाचा. खाली मजकुरात मात्र ल दोन पाकळ्यांचा, मराठी वळणाचा. बऱ्याच युनिकोड फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर हिंदी वळण उमटतं. मोबाईलवरच्या चित्र बनवायच्या ॲपमध्ये ते सांगायची सोयच बहुधा नसते.

त्याहून पक्की खूण उपमथळ्यात आहे. "नदीकिनार्यावरील" असं आलंय, र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसलाय. हवं होतं "नदीकिनाऱ्यावरील". दैनिकांत वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा तशाच जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम झालंय. तिथे हा आडवा र स्वतंत्र कळीवर असतो, ऑपरेटरच्या बोटांना त्याची सवय असते. मोबाईलवर र, हलन्त, य असं टाइप केलं की रफारच होतो. मजकुरात दुसऱ्याच ओळीत "बंधाऱ्याजवळ" हा शब्द आडव्या र ने बरोबर छापलाय. एकाच बातमीत "बंधाऱ्याजवळ" बरोबर आणि "किनार्यावरील" चूक, म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणी टाइप झालेला मजकूर.

अक्षरमित्र
जुळारीकाका, ल च्या मुद्द्यावर थोडं थांबा. हिंदी वळणाचा ल वापरणारी मराठी छपाई भरपूर आहे. मथळ्याचा फाँट आणि मजकुराचा फाँट तर प्रत्येक पेपरमध्ये वेगळे असतातच. मथळ्यात हिंदी ल आणि खाली मराठी ल, एवढ्यावर खोटं ठरवलं तर निम्मे खरे पेपर खोटे ठरतील.

जुळारी
मान्य. मथळ्याची तुलना मजकुराशी करायचीच नाही. तुलना त्याच पेपरच्या, त्याच काळातल्या दुसऱ्या मथळ्यांशी करायची. मथळ्यासाठी पेपर तीन-चार फाँट ठरवून ठेवतात आणि वर्षानुवर्षं तेच चालतात. दुसरं एक सांगतो, अक्षरं दाबलेली दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. मथळा कॉलममध्ये बसवायला ऑपरेटर रुंदी ८५-९० टक्क्यांवर आणतात. त्यात उभ्या दांड्या बारीक होतात, आडवी शिरोरेषा मात्र जाडच राहते. खऱ्या पेपरात हे रोज दिसतं. आडव्या र ची चूक खऱ्या पेपरात तितकी सहज होत नाही, म्हणून माझ्या लेखी तिचं वजन जास्त.

टेक्नो_कोल्हापूर
एवढं डोळ्याने कशाला? फोटो एरर लेव्हल ॲनालिसिसला, म्हणजे ईएलए ला टाका. जिथे नंतर काही चिकटवलंय तो भाग उजळ दिसतो. मी टाकून बघितला, मथळा पूर्ण उजळ आलाय. खोटं सिद्ध.

अक्षरमित्र
@टेक्नो_कोल्हापूर, निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पुरावा नाही. ईएलए फक्त एवढं बघतं की जेपेग पुन्हा साठवल्यावर चित्राचा कुठला भाग किती बदलतो. जाड काळी अक्षरं पांढऱ्यावर असली की कडा तीव्र असतात आणि तो भाग कुठल्याही अस्सल फोटोतही उजळ येतो. कुठल्याही दैनिकाच्या पहिल्या पानाचा स्वतः फोटो काढून टाका, मथळाच उजळेल. शिवाय हा फोटो व्हॉट्सॲपवरून आलाय. व्हॉट्सॲप साध्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणतं आणि पुन्हा दाबून साठवतं. चार ग्रुप फिरला की मूळ फरक पुसला जातो, फोटोतली कॅमेऱ्याची माहितीही निघून जाते. आणि कोणी मथळा कागदावर छापून खरोखर डिंकाने चिकटवला आणि मग फोटो काढला असेल, तर ईएलए ला दिसण्यासारखं काहीच उरत नाही. सगळा एकच फोटो.

टेक्नो_कोल्हापूर
हे माहीत नव्हतं. पण फोटो नुसता खोटा वाटतोय आणि सॉफ्टवेअरही तेच म्हणतंय, तर काहीतरी अर्थ असेलच ना?

अक्षरमित्र
तोच फोटो खरा असता तरी सॉफ्टवेअरने हेच दाखवलं असतं. म्हणून ते बाजूला ठेवायचं.

करवीरकन्या
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. जागेच्या व्यवहारात समोरच्या पार्टीने जाहीर नोटिशीच्या कात्रणाचा फोटो पाठवलाय. त्यात दोन ओळींचा फाँट वेगळा दिसतोय, गट नंबर असलेल्या ओळींचा. वर सांगितलेली आडव्या र ची वगैरे कसोटी तिथे लावता येईल का?

जुळारी
ताई, जाहिरातीला ही कसोटी लावू नका. बातमी पेपरच्या ऑफिसात जुळते, नोटीस बहुतेक वेळा एजन्सीकडून किंवा वकिलांच्या टायपिस्टकडून तयार होऊन येते आणि जशीच्या तशी छापली जाते. तिचा फाँट बाजूच्या नोटिशीशी जुळत नाही, हे नेहमीचंच. पण एकाच नोटिशीत मध्येच दोन ओळी वेगळ्या आणि त्याही नेमक्या गट नंबरच्या, हे मात्र बरं लक्षण नाही. त्या दोन ओळींची शिरोरेषा वरच्या-खालच्या ओळींना समांतर आहे का आणि ओळींमधलं अंतर सारखं आहे का, ते बघा. फोटोवर व्यवहार करू नका. पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक मागा आणि पूर्ण पान स्वतः बघा. नाव-तारीख द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल तर वकिलांना तेही सांगा.

वाचनप्रेमी
छान धागा. माझ्याकडे आजोबांची जुनी कात्रणं आहेत, पिवळी पडलीत. लॅमिनेट केली तर टिकतील का?

अक्षरमित्र
लॅमिनेट करू नका. आत कागद पिवळा पडतच राहतो आणि नंतर सोडवता येत नाही. चांगल्या कागदावर प्रत काढा, मूळ कात्रण सपाट आणि अंधारात ठेवा. बाकी त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पुराचं चाललंय.

मांडणीकार
फाँटवर बरंच झालं, आता कॉलमकडे बघा. मला हा फोटो तिथेच जास्त बोलका वाटतो.

आधी फोटो सरळ करून घ्या. गिंपमध्ये पर्स्पेक्टिव्ह टूलने कॉलमच्या मधल्या उभ्या रेघा उभ्या आणा. मग एका कॉलममध्ये पहिल्या शिरोरेषेपासून अकराव्या शिरोरेषेपर्यंत, म्हणजे दहा ओळींचं अंतर, पिक्सेलमध्ये मोजा. एकेक ओळ मोजली तर चूक मोठी येते, दहा मोजल्या की ती वाटली जाते. इथे पहिल्या कॉलममध्ये २६२ आलं, दुसऱ्यात २६०, तिसऱ्यात २८८. कॅमेरा तिरका असता तर आकडा डावीकडून उजवीकडे हळूहळू वाढला असता. हा दोन कॉलम जवळपास सारखा आहे आणि तिसऱ्यात एकदम उडी मारतो.

दुसरं म्हणजे कॉलमची सांधेजोड. बातमी पहिल्या कॉलमच्या तळाशी थांबते आणि दुसऱ्याच्या माथ्यावर पुढे सुरू होते. पहिल्याची शेवटची ओळ "राधानगरी धरणाच्या स्वयंचलित" आणि दुसऱ्याची पहिली "दरवाजांतून २८५६ क्युसेक". जुळलं. दुसऱ्याची शेवटची ओळ पूर्णविरामावर संपते आणि तिसरा कॉलम सुरू होतो "शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ" असा. आधी एकही वाक्य नाही. हा तिसरा कॉलम या बातमीचा नाहीच, कुठून तरी आणून जोडलाय.

पाटबंधारे_प्रेमी
टाइपातलं मला कळत नाही, पण २८५६ वर बोलतो. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग धरतात. दोन दरवाजे म्हणजे बरोबर २८५६. सातही उघडले असते तर ९९९६ आले असते. मजकूर दोन दरवाजे उघडल्याच्या दिवसाचा आहे, उपमथळ्यातले "सातही" नंतर घातलेत.

जुळारी
@पाटबंधारे_प्रेमी, उत्तम. हे अक्षरांवरून कधीच कळलं नसतं.

@मांडणीकार, मोजमाप पटलं, पण "कुठून तरी आणून जोडलाय" याला माझा आक्षेप आहे. पाण्याखालच्या बंधाऱ्यांची यादी पूरकाळात बहुतेक वेळा चौकटीत जाते. चौकटीचा टाइप वेगळा, ओळींमधलं अंतर जास्त, हे नेहमीचं. तिसऱ्या कॉलमच्या कडा बघा. डावीकडे बारीक रेघ आहे, उजवीकडे आहे, तळालाही आहे. वरची रेघ तेवढी गायब. चौकट तीन बाजूंची कोणी करत नाही. वरची रेघ आणि चौकटीचं शीर्षक, दोन्ही वर डकवलेल्या नव्या मथळ्याच्या पट्टीखाली गेलेत. म्हणजे मूळ मथळा दोनच कॉलमचा होता आणि नवा तीन कॉलमवर पसरवला.

मांडणीकार
तीन बाजूंची रेघ मी कॉलमची रेघ समजून सोडली होती. आता तळाचा कोपरा मोठा करून बघितला, दोन रेघा काटकोनात जुळल्यात. चौकटच आहे ती. तिसरा कॉलमही मूळचाच, शेजारचा.

शिवाजीपेठ_४१६
आता मजा यायला लागली. पट्टीखाली अजून काय दडलंय?

जुळारी
पट्टीच्या वरच्या कडेला बघा, "धोका" शब्दाच्या किंचित डावीकडे. एक छोटा काळा बाक आहे, कडेपाशी तुटलेला. थोडं पुढे अजून एक. "धोका" मधली किंवा त्याच्या आधीच्या "ने" वरची मात्रा पट्टीच्या आतच पूर्ण दिसते, दुसऱ्या जागी तर नव्या मथळ्यात दोन शब्दांमधली मोकळी जागा आहे. ते जुन्या मथळ्यातल्या वेलांट्यांचे शेंडे असावेत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बरीच जागा घेतात. पट्टी कापताना माणूस शिरोरेषेचा अंदाज धरतो आणि वरचं राहून जातं.

आता गिंपमध्ये `Colors > Levels` उघडा आणि मधला त्रिकोण उजवीकडे सरकवा. कागद गडद होईल आणि मजकुरामागे मागच्या पानाची उलटी छाया दिसायला लागेल. वर्तमानपत्राचा कागद पातळ असल्यामुळे मागचं थोडंफार दिसतंच. मजकुराच्या तिन्ही कॉलमांत ती छाया आहे. मथळ्याच्या पट्टीत काहीच नाही, सपाट राखाडी. पट्टी कागदाची असो वा संगणकाची, तिच्यामागे ते पान नाही.

अक्षरमित्र
चित्र आडवं उलटवून बघितलं, `Image > Transform > Flip Horizontally`. बारीक काही वाचता येत नाही, पण पहिल्या-दुसऱ्या कॉलममागे मोठ्या जाड अक्षरांत "आषाढ सेल" असं लागतंय. वर्ष नाही कळत, महिना कळला. मूळ अंक जून अखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीचा. अधिक महिना आला तर थोडा पुढे सरकेल.

रंकाळावेस
मग ई-पेपरमध्ये जुलैचे अंक शोधू का? राजाराम बंधारा ३७ फूट ४ इंच आणि २८५६ क्युसेक, दोन्ही एकत्र आले की तोच दिवस.

जुळारी
शोधा, पण दोन गोष्टी सांभाळा. पुराची आकडेवारी शासकीय प्रसिद्धीपत्रकातून येते. तीच वाक्यं त्या दिवशी चार पेपरांत शब्दशः सापडतील. मजकूर जुळला म्हणून पेपर सापडला असं होत नाही. ओळी कुठे तुटल्यात ते जुळवा. पहिल्या कॉलमच्या सलग सहा-सात ओळींचे शेवटचे शब्द एका कागदावर लिहून घ्या. ते सगळे जुळले तरच तोच पेपर. वेगळ्या पेपरचा कॉलम थोडाही अरुंद-रुंद असला तरी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासूनच शब्द सरकतात.

दुसरं, आवृत्ती. एकाच दिवशी शहराची वेगळी, ग्रामीणची वेगळी, सांगलीची वेगळी. शहर आवृत्तीत मिळालं नाही तर "छापलंच नव्हतं" असा अर्थ काढू नका. ग्रामीणमध्ये तीच बातमी दुसऱ्या मथळ्याखाली, दुसऱ्या पानावर असू शकते.

पाटबंधारे_प्रेमी
ई-पेपर फार जुने मिळाले नाहीत तर करवीर नगर वाचन मंदिरात फायलींची चौकशी करा. जाताना ओळींचे शेवटचे शब्द लिहिलेला कागद आणि सरळ केलेल्या फोटोची छापील प्रत बरोबर असू द्या, मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही शेजारी धरून बघणं अवघड जातं.

मांडणीकार
सापडेपर्यंत एका गोष्टीवर बोलू. पट्टी कागदाची की संगणकावरची? माझं मत संगणकावरची. घडी दुसऱ्या कॉलममधून उभी गेली आहे आणि तिथे मजकुराची प्रत्येक शिरोरेषा किंचित मोडते. मथळ्याची शिरोरेषा त्याच रेषेवरून सरळसोट जाते. घडीची सावलीही पट्टीपाशी येऊन थांबते, पट्टीच्या वर पुन्हा सुरू होते. खरा कागद असता तर सावली त्याच्यावरही पडली असती.

जुळारी
मला खात्री नाही. पट्टीच्या खालच्या कडेला बारीक राखाडी सावली आहे आणि ती उजवीकडे जाड होत जाते. कागदाचं टोक थोडं उचललं गेलं की असंच दिसतं. कात्रण घडी घालून ठेवलेलं असेल, नंतर उलगडून त्यावर झेरॉक्सच्या जाड कागदाची पट्टी चिकटवली असेल, तर ती पट्टी घडीवरून ताठ जाईल आणि खालची सावली झाकेल. शिरोरेषाही सरळ राहील.

मांडणीकार
सावली ॲपमध्येही देता येते. पण ती सहसा सगळीकडे सारख्या जाडीची येते, हे खरं. उजवीकडे जाड होणारी सावली मुद्दाम करायला हात लागतो.

अक्षरमित्र
या १६०० पिक्सेलच्या फोटोवर हे ठरणार नाही. ज्याने पहिल्यांदा टाकला त्याच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, मग तो दाबला जात नाही. पट्टीच्या कडेला कागदाचे तंतू दिसतात की पिक्सेलची स्वच्छ रेघ, ते त्यात बघता येईल. मजकुराच्या भागात कागदाचा खरखरीतपणा दिसतो, तसा पट्टीतही कुठल्यातरी कागदाचा दिसायला हवा.

रंकाळावेस
अपडेट. शहर आवृत्त्यांत नाही मिळालं. एका दैनिकाच्या ग्रामीण आवृत्तीत, जुन्या जुलैतल्या अंकात सापडलं. पहिल्या कॉलमच्या सातही ओळींचे शेवटचे शब्द जुळले. मूळ मथळा दोन कॉलमी: "पंचगंगा इशारा पातळीकडे". "इशारा" वर काही नाही, पण "पातळीकडे" मधली दीर्घ वेलांटी आणि डे वरची मात्रा त्या दोन तुकड्यांच्या जागी येतात. तिसऱ्या कॉलमला चौकट आहे, वरची रेघ आहे आणि शीर्षक "पाण्याखालील बंधारे". मागच्या पानावर कपड्यांच्या दुकानाची आषाढ सेलची अर्धं पान जाहिरात.

मूळ फोटो ज्याने टाकला तो म्हणतोय, मलाही दुसऱ्या ग्रुपवरून आला. डॉक्युमेंट काही मिळालं नाही.

करवीरकन्या
अभिनंदन! मी पण पान क्रमांक आणि तारीख मागितली आहे, अजून उत्तर नाही.

जुळारी
@रंकाळावेस, छान शोधलंत. ग्रुपवर टाकताना एकच चित्र करा, डावीकडे फिरणारा फोटो आणि उजवीकडे मूळ पान, दोन्ही एकाच मापात. खोट्या भागावर तिरकी जाड लाल रेघ अक्षरांवरूनच मारा, बाजूला शिक्का नको, नाहीतर कोणी डावा अर्धा कापून पुन्हा फिरवेल. खाली तीनच ओळी लिहा: मूळ मथळा काय होता, मजकुरात ३७ फूट ४ इंच आहे, २८५६ क्युसेक म्हणजे दोनच दरवाजे. शिरोरेषा आणि आडवा र हे इथे ठीक आहे, तिकडे दरवाजांचा हिशेब लगेच कळेल.

रंकाळावेस
टाकलं. पहिला प्रश्न आला, "मग शाळा चालू आहेत ना?"